दोन्ही ओव्हरी काढल्यानंतर चौथ्या दिवशीच सुरू झालेल्या गरम वाफा, आणि हार्मोन जेल नीट कसं लावायचं

प्रश्न: माझं वय ४१, नागपूरलाच राहते. १६ दिवसांआधी ऑपरेशन झालं, फायब्रॉइड होते आणि आत सगळं चिकटलेलं होतं म्हणून पिशवी आणि दोन्ही ओव्हरी काढल्या. चौथ्या दिवसापासून अंगातून वाफा निघून राहिल्या, रात्री गाऊन दोनदा बदलते, झोप नाही, उगाच रडू येतं. डॉक्टर म्हणाले होईल हळूहळू कमी. जाऊबाई म्हणते हार्मोन घेऊ नको, कॅन्सर होतो. आईची पाळी गेली तेव्हा तिला असं काहीच झालं नव्हतं. हे किती दिवस चालेल आणि उपाय काय?

उत्तर:

ताई, पहिली गोष्ट म्हणजे आईशी तुलना करू नका. त्यांच्या ओव्हरी चार-पाच वर्षं हळूहळू थकत गेल्या असतील, कधी पाळी आली, कधी दोन महिने चुकली, आणि तेवढ्या काळात शरीराला इस्ट्रोजेन हे ओव्हरीतलं हार्मोन कमी असण्याची सवय होत गेली. तुमच्या बाबतीत टेबलवर झोपलात तेव्हा इस्ट्रोजेन होतं आणि एक-दोन दिवसांत ते तळाला गेलं. शिवाय नैसर्गिक पाळी गेल्यावरही ओव्हरी अगदीच रिकाम्या बसत नाहीत, थोडं टेस्टोस्टेरॉनसारखं हार्मोन बनवतच राहतात आणि त्यातलं काही चरबीत जाऊन इस्ट्रोजेन होतं. दोन्ही ओव्हरी काढल्या की तो आधारही गेला. म्हणून चौथ्या दिवशी वाफा सुरू होणं हे अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं आहे, यात तुमचा स्वभाव, टेन्शन, "मनावर घेतलं" वगैरे काही नाही. मी २० वर्षांवर ही प्रॅक्टिस करते आहे, आणि ऑपरेशनआधी बाईला हे धड सांगितलेलं नसतं ही तक्रार मला दर महिन्याला ऐकू येते.

रडू येणं पण त्यातलंच. मेंदूला रोज मिळणारी गोष्ट एका दिवसात बंद झाली, वर झोप नाही, मग मन ठिकाणावर कसं राहणार. फक्त एक सांगून ठेवते, जगावंसं वाटत नाही असा विचार एकदाही आला तर औषध लागू पडायची वाट बघू नका, घरात कुणाला तरी सांगा, १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं, आणि मला किंवा तुमच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

आता उपायाकडे जायच्या आधी दोन कागद काढा. एक डिस्चार्ज कार्ड. आपल्याकडे "पिशवी काढली" एवढंच सगळे म्हणतात आणि ओव्हरी ठेवल्या की काढल्या हे बाईला वर्षानुवर्षं माहीत नसतं, तुम्हाला माहीत आहे हे बरं. तरी तिथे बीएसओ लिहिलं आहे का बघा, म्हणजे दोन्ही बाजूच्या नळ्या आणि ओव्हरी, आणि पिशवी पूर्ण काढली की तोंड ठेवलं हेही बघा, कारण त्यावर औषध बदलतं. दुसरा कागद जास्त महत्त्वाचा, बायोप्सीचा रिपोर्ट. काढलेली पिशवी आणि ओव्हरी पॅथॉलॉजीला जातात आणि साधारण आठ-दहा दिवसांत रिपोर्ट येतो, तुमचे १६ दिवस झाले म्हणजे तो आलेला असणार. तो हातात घेतल्याशिवाय हार्मोन सुरू करायचं नाही. फायब्रॉइड म्हणून काढलेल्या पिशवीत क्वचित दुसरंच काही निघतं, आणि ते निघालं तर सगळा हिशोब वेगळा होतो. खूप जणी तो रिपोर्ट आणायलाच जात नाहीत, "सगळं ठीक आहे" असं फोनवर ऐकलं की विषय संपला. तसं करू नका, स्वतः वाचा किंवा वाचून घ्या.

अजून एक, १६ दिवसांच्या टाक्यांवर घाम येणं म्हणजे दरवेळी वाफच असेल असं नाही. वाफ कशी ओळखायची सांगते: छातीपासून किंवा मानेपासून सुरू होते, चेहरा लाल होतो, कानशिलं तापतात, दोन-चार मिनिटं राहते, मग घाम फुटतो आणि घाम वाळला की उलट हुडहुडी भरते. आणि थर्मामीटर नॉर्मल असतो. म्हणून वाफ आली की एकदा तरी थर्मामीटर लावून बघा. १००.४ किंवा वर ताप, खालून घाण वासाचं पाणी, जखम लाल होऊन दुखणं, एका पोटरीला सूज आणि दुखणं, दम लागणं, यातलं काही असेल तर ते मेनोपॉज नाही, तडक दवाखाना.

वाफ का येते? मेंदूत तापमान सांभाळणारं एक केंद्र असतं. एरवी शरीर थोडं गरम-थंड झालं तरी ते दुर्लक्ष करतं. इस्ट्रोजेन गेलं की त्याची ही सहनशक्ती एकदम कमी होते, अर्धा डिग्री वाढलं तरी त्याला वाटतं आग लागली आणि ते घाम सोडून, रक्त कातडीकडे ढकलून शरीर थंड करायला लागतं. म्हणून कूलरसमोर बसूनही वाफ येते, आणि सावजीचा रस्सा, तर्री पोहे, गरम चहा, उकाड्याची खोली यांनी लवकर येते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा घरचे म्हणतात सगळ्यांनाच होते गर्मी, पण सगळ्यांना रात्री तीन वाजता हुडहुडी भरत नाही.

आता "होईल हळूहळू कमी" या वाक्याबद्दल. खोटं नाही ते, पण हळूहळू म्हणजे कित्येक वर्षं असू शकतात, आणि प्रश्न फक्त वाफांचा नाहीच. ४१ व्या वर्षी शरीराला अजून आठ-दहा वर्षं इस्ट्रोजेन मिळायचं होतं. भारतात पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते, तरी उपचार ठरवताना आम्ही साधारण ५० धरतो. तेवढी वर्षं ते नसलं तर हाडं पहिल्याच दोन-तीन वर्षांत झपाट्याने झिजतात, आणि ४५ च्या आत ओव्हरी काढून हार्मोन न घेतलेल्या बायकांमध्ये हृदयविकाराचा आणि पुढे स्मरणशक्तीच्या त्रासाचा धोका जास्त दिसलेला आहे. म्हणून ४५ च्या आतल्या बाईला, कॅन्सर किंवा दुसरं ठोस कारण नसेल तर, हार्मोन देणं हे लाड पुरवणं नाही, गेलेली गोष्ट परत भरणं आहे. थायरॉइड काढला तर आपण गोळी देतोच ना, "होईल सवय" नाही म्हणत.

जाऊबाईंची भीती कुठून आली तेही सांगते, ती काही हवेतली नाही. अमेरिकेत डब्ल्यूएचआय नावाचा खूप मोठा अभ्यास झाला, २००२ साली त्याचा एक भाग मध्येच थांबवला कारण ब्रेस्ट कॅन्सर आणि हृदयाचे त्रास थोडे जास्त दिसले, आणि जगभर पेपरात तेच आलं. पण त्या बायका ५० ते ७९ वयाच्या होत्या, सरासरी ६३, पिशवी असलेल्या, आणि त्यांना इस्ट्रोजेनसोबत एक कृत्रिम प्रोजेस्टेरॉनही दिलं होतं. त्याच अभ्यासाचा दुसरा भाग पिशवी काढलेल्या बायकांचा होता, त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं. तो भाग २००४ ला स्ट्रोक थोडे वाढल्यामुळे थांबला, पण ब्रेस्ट कॅन्सर त्यात वाढला नाही, पुढच्या वर्षांत तर कमीच दिसला. तुम्ही ४१ च्या, पिशवी नाही, म्हणजे तुमची केस त्या पहिल्या भागात बसतच नाही. जाऊबाईंना हे सांगा, नाही पटलं तर राहू द्या, औषध तुम्हाला घ्यायचं आहे.

प्रोजेस्टेरॉन कशासाठी असतं, तर इस्ट्रोजेनमुळे पिशवीचं अस्तर वाढू नये म्हणून. पिशवीच नाही तर ते द्यायची गरज नाही, नुसतं इस्ट्रोजेन पुरतं आणि ते जास्त साधंही आहे. दोन अपवाद. पिशवीचं तोंड ठेवलं असेल तर तिथे थोडं अस्तर राहू शकतं, आणि "चिकटलेलं होतं" म्हणालात ते एंडोमेट्रिओसिसमुळे असेल, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखे ठिपके पिशवीबाहेर रुजलेले असतील, तर आत उरलेले ठिपके नुसत्या इस्ट्रोजेनने परत जागे होऊ शकतात. अशा वेळी सोबत प्रोजेस्टेरॉन किंवा टिबोलोन नावाची गोळी यांचा विचार होतो. चिकटलेलं जुन्या सिझेरियनमुळे होतं की एंडोमेट्रिओसिसमुळे, हे पण बऱ्याचदा त्या बायोप्सी रिपोर्टमध्ये सापडतं. बघा, एका कागदावर किती अडतं.

इस्ट्रोजेन गोळीतून घेता येतं किंवा कातडीतून. मी सुरुवातीला बहुतेक वेळा जेल देते. गोळी आधी लिव्हरमधून जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक थोडे वाढवते, म्हणून शिरेत गाठ व्हायचा धोका किंचित वाढतो, आणि मोठं ऑपरेशन झालेल्या, कमी चालणाऱ्या बाईत तो आधीच वाढलेला असतो. कातडीतून घेतलेल्या नेहमीच्या डोसने तो वाढलेला दिसत नाही. वजन जास्त, बीपी, मायग्रेन, घरात कुणाला पायात गाठ झालेली, अशांना तर जेलच. गोळी वाईट आहे असं नाही, स्वस्त आहे, सोपी आहे, पूर्ण हिंडू-फिरू लागलात की इस्ट्राडिओल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच मुख्य प्रकार, त्याच्या इस्ट्राडिओल व्हॅलरेट २ मिलिग्रॅमच्या गोळीवर कित्येक जणी छान राहतात. फक्त थायरॉइडची गोळी चालू असेल तर इस्ट्रोजेनच्या गोळीमुळे थायरॉइडचा डोस कमी पडू शकतो, दीड-दोन महिन्यांनी टीएसएच करून घ्यायचा. जेलने ही भानगड होत नाही.

आणि आता ती गोष्ट जी मला खरं सांगायची आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. हार्मोन सुरू होतं, पण डोस ५२-५४ वर्षांच्या बाईचा असतो. त्या वयात थोडंसं इस्ट्रोजेन पुरतं. तुमच्यासारख्या ४०-४१ च्या बाईला एका दिवसात शून्यावर आणलं आहे, तिला साधारण दीडपट-दुप्पट लागतं. कमी डोस दिला, वाफा थोड्या कमी झाल्या पण गेल्या नाहीत, बाई म्हणते "हार्मोननेही फरक पडत नाही, उगाच धोका कशाला", आणि बंद करून टाकते.

एक पेशंट सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून. ४० वर्षांची, शाळेत शिक्षिका, मार्चच्या मध्यात ऑपरेशन, पिशवी आणि दोन्ही ओव्हरी, बायोप्सी साफ, एंडोमेट्रिओसिस नाही. माझ्याकडे आली एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. घरच्यांनी तोवर कूलरच्या नवीन ताट्या बसवल्या, दुसरा कूलर आणला, तिच्या पलंगाजवळ टेबल फॅन लावला, कारण सगळ्यांना वाटलं उन्हाळा लागला. ती म्हणाली, "मॅडम, वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहते, पोरांना वाटते मी लिहून राहिली, मी घाम पुसून राहिली असते." मी तिला एक काम दिलं, सगळ्यांना देते, कॅलेंडरच्या चौकोनात रोज रेघा मारायच्या, एक वाफ एक रेघ, आणि रात्री जितक्या वेळा जाग आली तितके गोल. पहिल्या आठवड्यात दिवसाला १४-१५ रेघा आणि ३-४ गोल. हे आकडे फार कामाचे असतात, कारण महिन्याभराने "फरक वाटतो का" विचारलं तर झोप न झालेल्या बाईला काहीच आठवत नाही.

जेल सुरू केलं, रोज १.५ मिलिग्रॅम इस्ट्राडिओल. नळीसोबत मापपट्टी येते त्यावर २.५ ग्रॅमची रेघ असते तेवढं जेल, आणि पंपची बाटली असेल तर दोन दाब, तुमच्याकडे जो ब्रँड असेल त्याच्या खोक्यावर एका मापात किती आहे ते एकदा वाचून घ्या. चार आठवड्यांनी रेघा १५ वरून १० वर. काहीतरी होतं पण पुरेसं नाही. मी म्हटलं इस्ट्राडिओलची रक्ततपासणी करू. एरवी मी करत नाही, ओव्हरी काढलेल्या बाईचा एफएसएच, म्हणजे पाळी गेली का हे बघायची तपासणी, करून काय सिद्ध करायचं, तो वाढलेलाच असणार, पैसे वाया. पण जेल लावूनही वाफा जात नसतील तर जेल रक्तात पोचतं का हे बघायला इस्ट्राडिओल उपयोगी. रिपोर्ट आला, सहाशेच्या वर! पाळीच्या मधल्या दिवसांतही बहुतेक बायकांचं इतकं नसतं. आणि समोर बाई घामाने भिजलेली बसली आहे.

मी विचारलं, जेल कुठे लावता? उजव्या दंडापासून मनगटापर्यंत. रक्त कुठल्या हाताचं काढलं? उजव्या. झालं. कातडीवरचं जेल सुईबरोबर नमुन्यात गेलं. पुढचे चार दिवस जेल मांडीवर लावायला सांगितलं, रक्त डाव्या हाताचं, आणि खरा आकडा आला २८. या वयात वाफा थांबायला आणि हाडं राखायला तो साधारण ६० ते १०० च्या आसपास लागतो. म्हणजे रिपोर्टकडे बघून मी डोस कमी केला असता तर बरोबर उलटं झालं असतं. म्हणून लक्षात ठेवा, जेल लावलेल्या हाताचं रक्त द्यायचं नाही, आणि लॅबवाल्याला ते आपणच सांगायचं.

मग २८ का? तिची सकाळ विचारली. साडेपाचला आंघोळ, लगेच ओल्या अंगाला जेल, वरून खोबरेल तेल कारण कातडी कोरडी पडते, मग स्वयंपाकघरात पोळ्या, घाम, ओढणीने हात पुसणं, आणि शाळेत निघायच्या आधी पुन्हा अंगावर दोन मग पाणी. नागपूरच्या उन्हाळ्यात दोनदा आंघोळ कोण करत नाही. पण जेल आत जायला तासभर लागतो, त्याआधी धुतलं, पुसलं किंवा वर तेल-क्रीम लावलं की निम्मं वाया. बदल काय केला, तर जेल रात्री. हात-पाय धुवून नीट कोरडे करायचे, मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा दोन्ही दंडांवर पातळ पसरायचं, चोळत बसायचं नाही, जेवढी जागा जास्त तेवढं बरं. पाच मिनिटं वाळू द्यायचं, मग कपडे. तासभर पाणी नाही, तेल-क्रीम सकाळी. छातीवर लावायचं नाही. हात साबणाने धुवायचे, आणि लहान मूल अंगाला चिकटून झोपत असेल तर ती जागा कपड्याने झाकलेली पाहिजे, नाहीतर हार्मोन मुलाला लागतं. हे शेवटचं मी मुद्दाम ठासून सांगते, कारण त्यात अळंटळं चालत नाही.

नुसती लावायची पद्धत बदलून तीन आठवडे थांबलो. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या असत्या तर कशाने फरक पडला ते कळलं नसतं. रेघा १० वरून ६ झाल्या, गोल एक-दोन. मग डोस ३ मिलिग्रॅम केला, म्हणजे दोन मापं, एक एका मांडीला. अजून तीन आठवड्यांत रेघा दोन-तीन, झोप लागायला लागली, आणि तिने स्वतःहून सांगितलं की सकाळी उठल्यावर बोटं आखडायची ती थांबली. सांधे दुखणं हे पण इस्ट्रोजेन गेल्याचं असतं, बायका त्यासाठी हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन संधिवाताच्या तपासण्या करून येतात. पुन्हा रक्त केलं, ७८. छाती दुखणं किंवा जड वाटणं, मळमळ, अंगाला सूज हे डोस जास्त झाल्याचं लक्षण, तिला पहिले दहा दिवस छाती जड वाटली, मग गेलं. राहिलं असतं तर थोडा कमी केला असता.

जुलैमध्ये या शिक्षिकाबाईंनी जेल बंद केलं. बरं वाटतं मग कशाला, आणि नणंद आली होती. पाचव्या दिवशी परत आल्या, कॅलेंडर घेऊन, चौकोनात ९ रेघा. मी काही बोलले नाही, त्याच हसल्या.

म्हणजे तुमच्या "किती दिवस" चं उत्तर दोन भागांत आहे. डोस बरोबर असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत वाफा उतरायला लागतात आणि पूर्ण फायदा कळायला दोन-तीन महिने द्यायचे, झोप आणि मूड वाफांच्या मागून सुधारतात. आणि औषध किती दिवस, तर निदान ५० पर्यंत, वर्षातून एकदा भेटून बीपी, वजन, छातीची तपासणी करत. तेव्हा मग हळूहळू कमी करून बघायचं, एका झटक्यात नाही, एकदा झटक्यात बंद झालंय तेवढं पुरे.

काही गोष्टी आता नाही पण दोन-चार महिन्यांनी येतील, तेव्हा घाबरू नका. खालची जागा कोरडी होणं, संबंधाच्या वेळी आग, लघवीला सारखं जावं लागणं, सारखं इन्फेक्शन. हे कुणी बोलत नाही, नवऱ्याशीही नाही, आणि वाफांसारखं ते आपोआप कमी होत नाही, वाढतच जातं. अंगाला जेल लावूनही हे उरलं तर इस्ट्रिओलचं क्रीम आत लावायचं, दोन आठवडे रोज रात्री अर्धा ग्रॅम आणि मग आठवड्यातून दोनदा, रक्तात ते नगण्य जातं म्हणून वर्षानुवर्षं चालतं. पण ऑपरेशनला सहा आठवडे होऊन आतले टाके भरले हे डॉक्टरांनी बघितल्यावरच, आता काहीही आत घालू नका.

इच्छाच मेली, असंही काही जणी सांगतात, दार बंद करून, खाली बघून. ओव्हरीबरोबर टेस्टोस्टेरॉनही जवळजवळ निम्मं जातं, त्यामुळे हे खरं असतं. आधी इस्ट्रोजेन नीट बसवायचं, झोप येऊ द्यायची, बहुतेकींचं तेवढ्याने सुधारतं. चार-सहा महिन्यांनंतरही त्रास असेल तर टेस्टोस्टेरॉन अगदी थोडं देता येतं, आपल्याकडे बायकांसाठी वेगळं असं मिळत नाही, पुरुषांचं जेल साधारण दहाव्या भागाएवढं, रक्त तपासत, पुरळ आणि हनुवटीवर केस येतात का बघत. हे स्वतःहून मेडिकलमधून आणून करायचं काम नाही, आवाज जाड झाला तर तो परत येत नाही.

हाडांचं थोडक्यात: एकदा डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करून ठेवा म्हणजे पुढे तुलना करता येईल, व्हिटॅमिन डी बघा, कडक ऊन असलेल्या आपल्या शहरातही ते बायकांमध्ये कमीच निघतं कारण आपण उन्हापासून पळतो. दूध-दही, तीळ, नाचणी धरून दिवसाला हजार-बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जायला हवं, आणि टाके सुकले, डॉक्टरांनी हो म्हटलं की वजन उचलायचे व्यायाम, नुसतं फुटाळा तलावाला चक्कर मारून हाडं भरत नाहीत.

समजा रिपोर्टमध्ये काही निघालं, किंवा तुम्हाला आधी ब्रेस्ट कॅन्सर झालेला आहे, पायात किंवा फुप्फुसात गाठ होऊन गेली आहे, लिव्हरचा चालू आजार आहे, तर मी वर लिहिलेलं हार्मोनचं बाजूला ठेवा आणि त्या त्या डॉक्टरांशी बसून ठरवा. कॅन्सरवाल्यांना हार्मोनशिवाय पण औषधं आहेत, व्हेन्लाफॅक्सिन ३७.५ पासून सुरू करून ७५ पर्यंत, किंवा रात्रीच्या घामासाठी झोपताना गॅबापेंटिन ३०० मिलिग्रॅम, दोन्हीने वाफा बऱ्याच कमी होतात, इस्ट्रोजेनइतक्या नाही. ब्रेस्ट कॅन्सरची टॅमॉक्सिफेन गोळी चालू असेल तर पॅरोक्सेटिन हे डिप्रेशनचं औषध नको, ते टॅमॉक्सिफेनचं काम बिघडवतं, आणि ही दोन औषधं दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एकत्र चाललेली मी स्वतः पाहिली आहेत. मात्र ही औषधं हाडांचं किंवा हृदयाचं काही राखत नाहीत, ते वेगळं बघावं लागतं. शतावरी, सोया याबद्दल दरवेळी विचारतात. साधी नैसर्गिक पाळी गेलेल्या एखादीला थोडं बरं वाटतही असेल, पण ४१ व्या वर्षी शून्यावर आलेल्या बाईला त्याने भागत नाही.

तुमचं १६ दिवसांचं आहे, उशीर काही झालेला नाही. बायोप्सी रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, बीपी, वजन, चालू गोळ्यांची यादी घेऊन तुमच्याच सर्जनकडे आधी जा, आणि "कमी होईल का" असं विचारू नका, "माझं वय ४१ आहे, मला ५० पर्यंत इस्ट्रोजेन द्यायला काही अडचण आहे का, असेल तर कोणती" असं विचारा. अडचण नसेल तर जेल की गोळी आणि कितीचा डोस हे लिहून घ्या, सहा आठवड्यांनी परत बोलावलंय का तेही. आज रात्रीपासून कॅलेंडरवर रेघा सुरू करा, उशाशी एक कोरडा सुती गाऊन घडी करून ठेवा म्हणजे तीन वाजता कपाट उघडायला उठावं लागत नाही, आणि रिपोर्टमध्ये ओव्हरीबद्दल काय लिहिलंय ती ओळ इथे टाईप करून टाका, एंडोमेट्रिओसिस दिसलं आहे का ते त्यावरून सांगते.